परतीच्या कुर्त्याचे पैसे आणि बारा आकड्यांत दडलेली तारीख

धुळ्याच्या देवपुरातून एखादा कुर्ता शॉपिंग ॲपला परत जातो, तेव्हा एकाच दारातून दोन प्रवास सुरू होतात. एक कापडाचा, दुसरा पैशांचा. कापड पिशवीत बसून मोटारसायकलवरून निघतं, मग ट्रकमध्ये चढतं. पैसे बँकांच्या यंत्रणेतून जातात. हे दोघे वाटेत कुठेच भेटत नाहीत. कुर्ता अजून मालेगावच्या पुढेही गेलेला नसतो आणि पैसे खात्यात येऊन पडलेले असतात, असंही होतं. कुर्ता गोदामात पोचून आठवडा झाला तरी खातं कोरडंच, असंही होतं.

मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटते ती एक साधी गोष्ट. हे दोन्ही प्रवास चालता चालता क्रमांक मागे ठेवतात आणि पैशांच्या क्रमांकात ते कोणत्या दिवशी निघाले हेही बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. उघड्या अक्षरांत नाही, पण ज्याला वाचता येतं त्याला लगेच कळेल इतक्या सरळपणे. कस्टमर केअरचा माणूस ‘सात दिवस थांबा’ म्हणतो तेव्हा ते सात दिवस कुठून मोजायचे, हे तो क्रमांक सांगतो.

एक नमुना ऑर्डर घेऊन हा माग शेवटपर्यंत काढू. दिवाळी २०२५ च्या आधी, १४ ऑक्टोबरला, देवपुरातल्या एका घरातून तीन वस्तू मागवल्या. १,२०० रुपयांचा कुर्ता, १,००० रुपयांचे बूट आणि ८०० रुपयांची चादर. एकूण ३,०००. त्यावर ३०० रुपयांचं कूपन लागलं आणि २,७०० रुपये यूपीआयने गेले. पार्सल १८ तारखेला घरी आलं. कुर्ता खांद्यात घट्ट होत होता. परतीची मुदत सात दिवसांची होती, म्हणजे २५ तारखेपर्यंत. १९ तारखेला ॲपमध्ये ‘एक्स्चेंज’ दाबून मोठी साईज मागितली.

एक्स्चेंज म्हणजे दोन ऑर्डरी

आपल्याला वाटतं की एक्स्चेंज म्हणजे अदलाबदल, एक हात देणार आणि दुसरा घेणार. दुकानाच्या काउंटरवर ते तसंच असतं. ॲपच्या आत मात्र तशी कोणतीही एकच क्रिया नसते. तिथे दोन स्वतंत्र कामं तयार होतात. जुना कुर्ता उचलण्याचा एक परतीचा आदेश आणि नवा कुर्ता पाठवण्याची एक नवी ऑर्डर, जिची किंमत आधीच भरलेली आहे असं धरलं जातं. दोन्हींना वेगळे क्रमांक मिळतात. अनेकदा डिलिव्हरी बॉय एकाच फेरीत नवा देतो आणि जुना घेतो, म्हणून आपल्याला ती एक गोष्ट वाटते.

याचा परिणाम लक्षात घ्यायला हवा. नवी साईज त्या क्षणी साठ्यात असेल तरच दुसरी ऑर्डर जन्माला येते. दिवाळीच्या दिवसांत सकाळी दिसणारी साईज संध्याकाळी संपलेली असते. आपल्या नमुन्यात तेच झालं. मोठी साईज संपली, एक्स्चेंज रद्द झालं आणि परतीचा आदेश तेवढा उरला. इथे ॲपला गप्प बसू देऊ नये. ‘एक्स्चेंज रद्द’ असा संदेश आला की परत उचलण्याचा आदेश अजून जिवंत आहे का, हे ऑर्डरच्या पानावर जाऊन पाहावं. काही वेळा दोन्ही रद्द होतात, आणि आपण वाट पाहत असताना परतीची मुदत निघून जाते.

पिनकोड दोन वेळा तपासला जातो

ऑर्डर देताना एकदा तपासलेला पिनकोडच ‘रिटर्न’ दाबल्यावर ॲप सर्वांत आधी पुन्हा पाहतं. देवपूर आणि धुळे शहर ४२४ ने सुरू होणाऱ्या भागात येतात, जळगाव शहर ४२५ च्या. ही सहा आकड्यांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली आणि ती घडवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, डाक खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. पहिला आकडा देशाचा मोठा विभाग सांगतो आणि पहिले तीन मिळून टपाल वर्गीकरणाचा जिल्हा सांगतात.

हा टपालाचा जिल्हा आणि आपला महसुली जिल्हा एकच असेल असं नाही, आणि खान्देशात ते फार सुंदर दिसतं. चाळीसगाव जळगाव जिल्ह्यात, पण पिनकोड ४२४१०१. पाचोराही जळगाव जिल्ह्यातलाच, तरी ४२४२०१. उलट शिरपूर धुळे जिल्ह्यात, पण पिनकोड ४२५४०५. म्हणजे शिरपूरच्या पार्सलचा माग काढताना ॲपमध्ये अनोळखी गावाचं नाव दिसलं तर दचकू नये. पार्सल आकड्यांच्या नकाशाने चालतं. जिल्ह्याची हद्द त्याला दिसत नाही.

पण खरी गोम पुढे आहे. कुरिअर कंपन्या एकेका पिनकोडसाठी वेगवेगळ्या याद्या ठेवतात. इथे माल पोचवतो का, ही एक यादी. इथे माल देऊन रोख पैसे घेतो का, ही दुसरी. आणि इथून माल उचलून परत आणतो का, ही तिसरी. एखादा पिनकोड पहिल्या यादीत असून तिसऱ्या यादीत नसू शकतो. पोचवायला जाणाऱ्या माणसाकडे एका फेरीत बरीच पार्सलं असतात, त्यामुळे लांबच्या गावाची फेरी परवडते. परत आणण्यासाठी मात्र एखादंच पार्सल असेल तर तीच फेरी महाग पडते. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात ऑर्डर व्यवस्थित येते आणि ‘रिटर्न’ दाबल्यावर ‘पिकअप उपलब्ध नाही’ असं दिसतं, त्यामागे हे कारण असू शकतं.

अशा वेळी पुष्कळ ॲप स्वतः पार्सल पाठवायला सांगतात आणि ठरावीक मर्यादेपर्यंत खर्च भरून देतात. पोस्टाच्या स्पीड पोस्टने पाठवलं तर पावतीवर तेरा अक्षर-आकड्यांचा क्रमांक मिळतो, ज्याच्या शेवटी भारताची खूण असलेली दोन अक्षरं असतात. ती पावती आणि तिचा फोटो पैसे मिळेपर्यंत जपून ठेवावा. वस्तू आपल्या हातून गेली, याचा तोच पुरावा असतो.

दारातली तपासणी

देवपुरात २४ तारखेला, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, मुलगा कुर्ता न्यायला आला. त्याच्या मोबाईलवर त्या कुर्त्याचा फोटो आणि काही प्रश्नांची यादी असते. रंग हाच आहे का, साईज हीच आहे का, टॅग लावलेला आहे का, डाग किंवा फाटलेलं आहे का. मोबाईल परत जात असेल तर डब्यावरचा आणि यंत्रातला आयएमईआय क्रमांक जुळवला जातो. एखाद्या प्रश्नाचं उत्तर जुळलं नाही की ॲप पुढची पायरी उघडत नाही. दारात उभा असलेला मुलगा आपल्याला नकार देत असतो असं वाटतं, पण बहुतेक वेळा निर्णय त्याच्या हातात नसतो. त्याच्याशी वाद घालून उपयोग नसतो. टॅग सापडला तर पुन्हा पिकअप लावणं हाच मार्ग.

सगळी उत्तरं जुळली की पिशवीवर नवा बारकोड लागतो. आता इथे एक चूक फार घरांत होते. लोक माग काढताना पार्सल आलं होतं त्या वेळचा क्रमांक टाकतात आणि पडद्यावर ‘डिलिव्हर्ड’ असं पाहून गोंधळतात. तो प्रवास कधीच संपलेला आहे. परतीच्या प्रवासाला नवा एडब्ल्यूबी क्रमांक असतो. तो पिकअपच्या संदेशात किंवा ॲपच्या रिटर्नच्या पानावर मिळतो. मुलगा दारातून जाण्याआधी तो संदेश आला का, हे पाहून घ्यावं. मोबाईलला नेटवर्क नसेल तर नोंद थोडी उशिरा चढते, पण नोंद होईपर्यंत कंपनीच्या लेखी कुर्ता आपल्याच कपाटात असतो.

कुर्ता कुठे जातो, हेही पाहण्यासारखं आहे. समजा विक्रेता सुरतचा आहे. धुळ्याहून साक्री, नवापूर करत सुरत महामार्गाने सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. तरीही पार्सल आधी उलट दिशेने, मालेगाव, नाशिक, कसारा घाट उतरून भिवंडीच्या गोदामात जाऊ शकतं आणि तिथून सुरतेला. कारण ट्रक एका पार्सलसाठी निघत नाही, भरला की निघतो. छोट्या गावांतली पार्सलं एका मोठ्या वर्गीकरण केंद्रात गोळा करून पुन्हा दिशेनुसार भरली तर प्रत्येक ट्रक भरलेला धावतो. लांबचा रस्ता एकेका पार्सलला स्वस्त पडतो. म्हणून परतीचं पार्सल चार दिवस ‘उलट्या’ गावी दिसलं तर ते हरवलं असं लगेच समजू नये. एकाच केंद्रावर बरेच दिवस एकही नवी नोंद नसेल, तर मात्र काळजीचं कारण आहे.

१,२०० चे १,०८० कसे झाले

ॲपने दाखवलं की १,०८० रुपये परत मिळतील. कुर्त्यावर तर १,२०० लिहिले होते. हिशेब असा. कूपन संपूर्ण ऑर्डरवर होतं, तीन हजारांवर तीनशे, म्हणजे दहा टक्के. ॲप ते प्रत्येक वस्तूवर तिच्या किमतीच्या प्रमाणात वाटून टाकतं. कुर्त्याच्या वाट्याला १२० रुपयांची सूट आली, बुटांच्या १०० आणि चादरीच्या ८०. म्हणून कुर्त्यासाठी आपण प्रत्यक्षात १,०८० च भरले होते, आणि तेवढेच परत.

रक्कम कमी वाटली तर रागावण्याआधी ऑर्डरचं बिल उघडून ही वाटणी करून पाहावी. तरीही फरक राहिला तर तो बहुधा दोन ठिकाणी असतो. एक म्हणजे डिलिव्हरी किंवा प्लॅटफॉर्म शुल्क, जे अनेक ॲप परत देत नाहीत. दुसरं म्हणजे पैशांचा काही भाग ॲपच्या वॉलेटमधून किंवा गिफ्ट कार्डातून गेलेला असणं. तो भाग वॉलेटमध्येच परत जातो, बँकेत येत नाही. बँकेत ९८० दिसले आणि वॉलेटमध्ये १०० वाढले, तर पैसे पूर्ण आलेले आहेत.

परत येणारे पैसे आपले नसतात

आता पैशांचा प्रवास. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत सुंदर कल्पना इथे आहे.

आपण १४ तारखेला पाठवलेले २,७०० रुपये कुठेतरी वेगळे बांधून ठेवलेले नसतात. ते पेमेंट ॲग्रिगेटर नावाच्या मध्यस्थ कंपनीच्या एस्क्रो खात्यात जातात. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मध्ये या मध्यस्थांसाठी नियम केले. ग्राहकाचे पैसे त्यांच्या स्वतःच्या पैशांत मिसळता येत नाहीत, ते बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो खात्यातच ठेवावे लागतात. विक्रेत्याला ते कधी द्यायचे हे ठरलेलं असतं, आणि परतीची मुदत संपेपर्यंत थांबायचं असा करार असेल तर मुदत संपल्यावरच ते त्याला मिळतात. म्हणजे आपण आरशासमोर कुर्ता घालून पाहत असतो तेव्हा विक्रेत्याचे पैसे कदाचित अजून वाटेतच असतात. सात दिवसांची मुदत आपल्यासाठी सवलत असते, त्याच्यासाठी प्रतीक्षा.

मग आपल्याला पैसे कुठून मिळतात? बहुधा त्या दिवशीच्या येणाऱ्या रकमेतून. आज चोपड्यात कोणी भांडी घेतली, भुसावळात कोणी घड्याळ घेतलं, त्यांचे पैसे आत आले. त्याच जमेतून आपले १,०८० बाहेर जातात आणि विक्रेत्याच्या हिशेबातून तेवढे वजा होतात. त्याच्या खात्यात त्या दिवशी पुरेशी जमा नसेल तर रिफंडचा आदेश रांगेत थांबतो. सणानंतर परतीचा पूर येतो आणि खरेदी मंदावते, तेव्हा एखाद्या छोट्या विक्रेत्याकडचा रिफंड रेंगाळतो, त्यामागे हेही कारण असू शकतं.

म्हणून रिफंड ही जुन्या व्यवहाराची उलटी गती नव्हे. तो एक नवा व्यवहार असतो, उलट्या दिशेचा. अपवाद कार्डाचा. कार्डावर रक्कम फक्त अडवून ठेवलेली असेल आणि ऑर्डर लगेच रद्द झाली, तर ती अडवणूक सोडून दिली जाते. तेव्हा जमेची नोंद दिसतच नाही, खर्चाची नोंदच नाहीशी होते. अनेक जण जमेची ओळ शोधत बसतात आणि उपलब्ध मर्यादा केव्हाच पूर्ववत झालेली असते. यूपीआयमध्ये पैसे तत्काळ खात्यातून जातात, त्यामुळे तिथे जमेची ओळ दिसायलाच हवी.

त्याच नियमांत आणखी एक अट आहे. ग्राहकाने वेगळी संमती दिली नसेल तर पैसे ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने परत गेले पाहिजेत. खान्देशात याचा अनुभव अनेक घरांना येतो. मुलगा सुरतेला कामाला, तो तिथून पैसे भरतो आणि पार्सल शिरपूरजवळच्या गावी आईवडिलांकडे येतं. वस्तू गावातून परत जाते, पैसे मात्र सुरतेच्या खात्यात जमा होतात. गावात बसून पासबुक भरून आणण्यात अर्थ नाही, मुलाला विचारावं.

रोख देऊन घेतलेल्या वस्तूचं वेगळं. तिथे मूळ मार्गच नसतो, म्हणून ॲप बँक खातं किंवा यूपीआय आयडी मागतं. बँका अशी रक्कम खाते क्रमांकावरून जमा करतात, म्हणून तो दोनदा तपासून भरावा. आयएफएससी कोड अकरा अक्षर-आकड्यांचा असतो आणि त्यातलं पाचवं स्थान नेहमी शून्याचं असतं. तिथे इंग्रजी ‘ओ’ टाकलं तर पैसे अडकतात.

आकडे वाचायला शिकू

आपल्या नमुन्यात २७ ऑक्टोबरला ॲपवर ‘रिफंड इनिशिएटेड’ असं आलं आणि त्याखाली बारा आकडे दिसले. समजा ते असे होते:

```
530014728365
```

यूपीआयच्या अशा संदर्भ क्रमांकाला आरआरएन म्हणतात, कित्येक ॲप त्यालाच यूटीआर लिहितात. पहिला आकडा ५. हा २०२५ या वर्षाचा शेवटचा आकडा. पुढचे तीन आकडे ३००. हा वर्षातला तीनशेवा दिवस. मोजून पाहा. जानेवारी ते सप्टेंबर या नऊ महिन्यांचे २७३ दिवस होतात, त्यात ऑक्टोबरचे २७ मिळवले की ३००. पैसे २७ ऑक्टोबरलाच निघाले, याची ही सही आहे. आणि १४ ऑक्टोबरला आपण पैसे भरले तेव्हाचा क्रमांक ५२८७ ने सुरू झाला असणार, कारण २७३ आणि १४ मिळून २८७.

आपल्याच बँकेच्या यादीत जुने यूपीआय व्यवहार उघडून हे तपासता येतं. आकड्यांच्या त्या रुक्ष रांगेत प्रत्येक दिवाळीखरेदी, प्रत्येक किराणा, प्रत्येक रिचार्ज आपापला दिवस घेऊन बसलेला बहुतेक ठिकाणी दिसेल. प्रत्येक ॲप असेच क्रमांक घडवतं असं नाही, म्हणून हा नियम नव्हे, उपयोगी खूण समजावी. काही वेळा रिफंडच्या नोंदीवर मूळ खरेदीचाच क्रमांक दिसतो. तेव्हा रक्कम आणि जमेची तारीख यांवरून ओळखावं.

कार्डाने पैसे भरले असतील तर मागायचा क्रमांक वेगळा. त्याला एआरएन म्हणतात आणि तो तेवीस आकड्यांचा असतो. पहिला आकडा प्रकार सांगतो. पुढचे सहा, विक्रेत्याच्या बाजूची बँक ओळखतात. आठव्यापासून अकराव्यापर्यंतचे चार आकडे पुन्हा तीच तारीख, वर्षाचा शेवटचा आकडा आणि वर्षातला दिवस. मग अकरा आकड्यांचा अनुक्रम, आणि शेवटचा एक आकडा बाकी बावीस बरोबर आहेत का हे पडताळण्यासाठी. आपला कुर्ता कार्डाने घेतला असता तर आठव्या जागेपासून ५३०० वाचता आलं असतं. कार्डाचा रिफंड फायलींच्या गठ्ठ्यातून एका बँकेकडून दुसरीकडे जातो आणि मग आपल्या बँकेत नोंदवला जातो, म्हणून त्याला यूपीआयपेक्षा जास्त दिवस लागतात.

आता ‘सात दिवस थांबा’ या वाक्याकडे पुन्हा पाहू. क्रमांक नसेल तर पैसे अजून निघालेलेच नसण्याची शक्यता मोठी असते, मग पडद्यावर काहीही लिहिलेलं असो. अशा वेळी बँकेत जाऊन उपयोग नाही, प्रश्न ॲपलाच विचारायचा: ‘रिफंडचा यूटीआर किंवा एआरएन द्या.’ क्रमांक मिळाला की दिवस त्यातल्या तारखेपासून मोजायचे. पिकअपपासून नव्हे, फोन केला त्या दिवसापासूनही नव्हे. आणि तेवढे दिवस उलटले की प्रश्न आपल्या बँकेचा होतो. तो क्रमांक दाखवून बँकेच्या शाखेत किंवा तक्रार पानावर ‘ही जमा शोधा’ असं सांगायचं. बँकेला क्रमांक असेल तर शोध मिनिटांत होऊ शकतो, नुसत्या ‘ॲपने पैसे पाठवले म्हणतात’ या वाक्यावर तो होत नाही.

इथे एक भेद ध्यानात ठेवावा. पैसे कटले पण ऑर्डर झालीच नाही, याला फसलेला व्यवहार म्हणतात. त्यासाठी रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे. दुकानाला पैसे देताना यूपीआयचा व्यवहार असा अडकला तर तो पाच दिवसांच्या आत आपोआप उलटला पाहिजे, आणि उशीर झाला तर बँकेने दर दिवशी १०० रुपये भरपाई द्यायची. वस्तू परत केल्यावर मिळणाऱ्या रिफंडला हा नियम लागू नाही. तिथे मुदत ॲपच्या धोरणात असते आणि तिच्यावर कायद्याची देखरेख असते.

नंबर शोधताना

रिफंड रखडला की माणूस इंटरनेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधतो, आणि खोट्या नंबरांचं जाळं तिथेच पसरलेलं असतं. समोरचा गोड बोलतो आणि पैसे पाठवण्यासाठी यूपीआय पिन टाकायला किंवा मोबाईलचा पडदा दाखवणारं ॲप घ्यायला सांगतो. ओळखण्याची खूण पक्की आहे. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच लागत नाही, तो पैसे देताना लागतो. ॲपमधल्या मदत विभागाबाहेरचा कोणताही नंबर वापरू नये. चुकून पैसे गेलेच तर तत्काळ १९३० वर फोन करावा.

दुकान बंगळुरूला, न्याय धुळ्यात

ई-कॉमर्सचे नियम जुलै २०२० मध्ये आले. वस्तू सदोष, बनावट किंवा जाहिरातीपेक्षा वेगळी निघाली तर विक्रेत्याला ती परत घेण्यास नकार देता येत नाही. ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रार पोचल्याची नोंद द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. साईज घट्ट झाली एवढ्यावर कायदा परतीचा हक्क देत नाही, तो ॲपच्या स्वतःच्या धोरणातून येतो. म्हणून खरेदीच्या वेळी वस्तूखाली ‘रिटर्न’ लिहिलं आहे की फक्त ‘रिप्लेसमेंट’, हे पाहणं महत्त्वाचं.

ॲपने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटण्यासारखं दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेचे लोकपाल. आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. पूर्वीच्या, १९८६ च्या कायद्यात, तक्रार करताना कंपनी कुठे आहे किंवा वाद कुठे उद्भवला याचा विचार करावा लागे. जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने ग्राहकाच्या बाजूने एक वाक्य घातलं. तक्रारदार राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर त्यासाठी शुल्कही नाही, आणि तक्रार ऑनलाइनही दाखल होते.

म्हणजे कंपनीचं कार्यालय बंगळुरूला असो, गोदाम भिवंडीला असो आणि विक्रेता सुरतचा असो, १,०८० रुपयांच्या एका कुर्त्यासाठी या सगळ्यांना धुळ्याच्या आयोगापुढे उत्तर देता येतं, नव्हे, द्यावं लागतं. तिथे मांडायचा पुरावा लांबलचक नसतो. ऑर्डरचं बिल, परतीचा एडब्ल्यूबी क्रमांक, पिकअप झाल्याचा संदेश, ॲपला केलेल्या तक्रारीचा नोंदणी क्रमांक, आणि रिफंडचा यूटीआर. तो मिळालाच नसेल, तर तो मागितल्याचा लेखी संदेश. पिकअपच्या दिवशीच हे सगळे क्रमांक वहीत एकाखाली एक लिहून ठेवले, तर कुर्ता नेमका कुठे अडला किंवा पैसे कोणाकडे अडले, हे त्या यादीत जिथे रकाना रिकामा आहे तिथेच दिसतं.